शेठ, श्रेष्ठ आणि बांधावरची पाटी

प्रश्न : सावद्याजवळ आमची केळीची बाग आहे. बांधावर पाटी लावायची आहे : ‘आमची केळी सर्वांत श्रेष्ठतम आहेत. विनापरवानगीशिवाय कोणीही घडाला हात लावू नये.’ मुलगी म्हणते, यात दुहेरी नकार आहे, आणि ‘श्रेष्ठतम’ही खटकतं. रंगाऱ्याकडे देण्याआधी तपासून द्याल का?

भाऊ, मुलीचं ऐका. ‘विना’ म्हणजे शिवाय आणि ‘शिवाय’ म्हणजे विना. दोन्ही घातलेत की परवानगी नसणं हीच हात लावण्याची अट होऊन बसते. अक्षरशः वाचलं तर ज्याच्याकडे परवानगी नाही त्याला मोकळीक, आणि ज्याला तुम्ही परवानगी दिलीत त्यालाच मनाई! एकेक शब्द बोटानं झाकून वाचा. ‘परवानगीशिवाय कोणीही घडाला हात लावू नये’ : अर्थ पुरा. ‘विनापरवानगी कोणीही घडाला हात लावू नये’ : तरीही पुरा. एक झाकल्यावर काहीच हरवत नसेल तर तो शब्द फुकटचा रंग खातोय. बसथांब्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत हे ‘विना-शिवाय’ वाचून वाचून माझं डोकं उठलंय.

‘कोणीही... नये’ मात्र तसंच ठेवा. एका व्याकरणप्रेमी स्नेह्यांच्या मते तोही दुहेरी नकार. कसला? ‘कोणीही’मध्ये नकाराचा कणसुद्धा नाही; ‘कोणीही या’ म्हटलं तर लोक येतातच ना! नकार एकट्या ‘नये’मध्ये आहे. आणि दोन नकार आले की वाक्य चुकलंच, असंही नाही. ‘पाहुणा जेवल्याशिवाय जाणार नाही’ यात दोन नकार आहेत, पण दोघांना वेगवेगळी कामं आहेत. एक काढून पाहा, पाहुणा उपाशी जाईल. तुमच्या पाटीवर दोघं एकच काम करताहेत.

लोक घसरतात का, याचं माझं एक लाडकं अनुमान आहे. ‘शिवाय’ मूळचा अरबी ‘सिवा’, फारसीतून आपल्याकडे आला. ‘शिवाय, घड पोसलेलाही आहे’ असं म्हणताना तोच शब्द नकार सोडून ‘आणखी’ची चाकरी करतो. त्यामुळे कानाला त्यातला नकार बोथट लागतो, आणि माणूस समोर एक ‘विना’ टेकू म्हणून लावतो. संस्कृत विना, फारसी परवानगी, अरबी शिवाय : एका शब्दात तीन मुलुख!

आता ‘श्रेष्ठतम’. इथे खरी गंमत. संस्कृतात दोघांतला सरस सांगायला ‘तर’ किंवा ‘ईयस्’ लागतो, अनेकांतला सांगायला ‘तम’ किंवा ‘इष्ठ’. ‘श्रेष्ठ’ हे त्या ‘इष्ठ’नंच बनलेलं रूप, म्हणजे मुळातच ‘सर्वांत चांगला’. त्याचा धाकटा भाऊ ‘श्रेयस्’, म्हणजे ‘अधिक चांगला’. गीतेतल्या ‘श्रेयान् स्वधर्मो’ मध्ये तो खराखुरा तुलनेचा आहे. मराठीत मात्र ‘श्रेय’ लाटायची वस्तू झाली. म्हणजे तुमच्या पाटीवर ‘सर्वांत’, ‘इष्ठ’ आणि ‘तम’ अशी अतिशयाची तीन टोपणं एकावर एक बसलीत.

इथे शुद्धिवादी लगेच म्हणतील, मग ‘सर्वांत श्रेष्ठ’, ‘सर्वांत उत्तम’ही चूक, ‘उत्तम’मध्येही ‘तम’ आहे. अजिबात नाही. मराठीच्या कानाला ते प्रत्यय आता ऐकूच येत नाहीत. नाहीतर ‘ज्येष्ठ नागरिक’ अख्ख्या देशात एकच निघाला असता. ‘श्रेष्ठ’ मराठीत ‘गोड’सारखं साधं विशेषण झालंय, म्हणून ‘अधिक श्रेष्ठ’ चालतं. उघड दिसणारा ‘तर’ किंवा ‘तम’ वर ‘अधिक’ किंवा ‘सर्वांत’ घेऊन आला की खटकतं. आणि नुसत्या ‘श्रेष्ठतम’ला अडाणी म्हणणाऱ्यांनी यजुर्वेद उघडावा. वाजसनेयी संहितेच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. ‘इष्ठ’ची धार तेव्हाच उतरली होती!

ती पुढे किती उतरली ते तुमच्या बाजारात पाहा. श्रेष्ठ, त्यावरून ‘श्रेष्ठिन्’ म्हणजे बडा व्यापारी, पालीत ‘सेट्ठी’. बुद्धाला जेतवन देणारा अनाथपिंडिक हा सेट्ठीच. तिथून दक्षिणेत शेट्टी, आपल्याकडे पेठेचा कारभार पाहणारे शेटे-महाजन, आणि शेवटी शेठ. केळीचा भाव करताना समोरच्या व्यापाऱ्याला तुम्ही ‘ओ शेठ’ म्हणता, ते व्युत्पत्तीनं ‘सर्वश्रेष्ठा’च आहे. आणि त्याचा बाप गादीवर असला की तो ‘मोठे शेठ’.