वळताना गुडघा आणि चवडा दुखतो: डान्स फिटनेससाठी कसे शूज घ्यावेत?

प्रश्न: "वडोदऱ्यात डान्स फिटनेसच्या क्लासला जाते. रनिंग शूज चांगले महागातले आहेत, तरी वळायच्या स्टेप्सना उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखते आणि अंगठ्याखाली चवड्याला ठणका लागतो. क्लासमध्ये रबरी टाइल्स आहेत. कोणते शूज घेऊ?"

तुमचे शूज वाईट नाहीत, पण ते सरळ धावण्यासाठी बनवलेले आहेत आणि तुम्ही त्यांच्यावर गोल फिरताय. शिवाय जमीन रबराची. दुखण्याचं मूळ मला तरी या जोडीतच दिसतं. मी इथे मांजलपूरला बायकांचा क्लास घेते आणि अशा तक्रारी माझ्याकडे येतच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रनिंग शूजच्या तळाला खोल खाचा असतात, खाली पकड घेणारं रबर असतं आणि टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. धावताना पाय मागे घसरू नये म्हणून ही पकड हवीच. पण चवड्यावर गिरकी घेताना पावलानं जमिनीवर फिरणं अपेक्षित असतं. रबरावर रबर बसलं की पाऊल जागच्या जागी चिकटतं आणि वरचं अंग मात्र वळून पुढे जातं. मग तो पीळ वर चढतो. घोटा थोडा घेतो, उरलेला गुडघ्यात येतो. गुडघा मुळात दाराच्या बिजागरीसारखा, वाकायला आणि सरळ व्हायला केलेला. वाकलेला असताना तो थोडाफार वळतो, पूर्ण सरळ असताना जवळजवळ नाहीच. वळण्याचं खरं काम खुब्याच्या सांध्याचं. पाऊल अडकलं की आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो आणि सांध्यातली कूर्चेची गादी पिळली जाते. तुमचं दुखणं आतल्या बाजूला असण्याचं हे एक सरळ कारण आहे.

इथल्या बायका एक गोष्ट हमखास बोलून दाखवतात: नवरात्रात रात्र-रात्र गरबा खेळलं तरी गुडघा एवढा कुरकुरत नाही, क्लासमध्ये मात्र लगेच दुखतो. मातीच्या मैदानावर अनवाणी खेळताना तळवा धुळीवर सहज सरकतो आणि वळायच्या आधी टाच आपोआप उचलली जाते. वळणं तेवढीच असतात, पण पाऊल अडकत नाही.

आता चवडा. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याकडून, वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं असतात. अंगठा खाली दाबणारा स्नायुबंध त्यांच्यावरून जातो. टाच उचलून अंगठ्याच्या मुळावर फिरलं की शरीराचं बरंचसं वजन या दोन हाडांवर येतं आणि वर घासणंही होतं. रनिंग शूजची उंच टाच वजन आणखी पुढे ढकलते. जोडा पुढे अरुंद असेल तर बोटं पसरू शकत नाहीत, मग एकाच जागी भार साठतो. अंगठ्याखाली ठणकणं हे या हाडांच्या आजूबाजूच्या सुजेचं नेहमीचं लक्षण आहे. हेच दुखणं तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे असतं, आग होत असती किंवा बोटं बधिर होत असती, तर ते नसेचं असण्याची शक्यता जास्त आणि उपायही वेगळा.

म्हणून तुमच्यासाठी जोडा असा पाहा. टाच आणि चवडा यांच्या उंचीत फरक कमी. तळ जवळजवळ सपाट, खाचा उथळ. चवड्याखाली, बरोबर अंगठ्याच्या मुळाच्या आसपास, गुळगुळीत गोल चकती असेल तर उत्तम. डान्स स्नीकरना ती असते. पुढचा भाग रुंद. आणि तळ अखंड, टाचेपासून बोटांपर्यंत एकच. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते, कारण डान्सचे शूज मागितले की दुकानदार मधून दुभागलेल्या तळाचे हलके जोडे काढून दाखवतो. पायाची कमान ताणून दाखवायची असते अशा नाचाला ते शोभतात. पण ते चवड्यापाशी फार वाकतात, मधे आधार देत नाहीत आणि उड्यांना गादी कमी पडते. अंगठ्याखाली आधीच दुखत असताना फार वाकणारा जोडा त्रास वाढवतो.

दुसरी एक गल्लत नेहमी होते. "इनडोअरचे आहेत" म्हणून बॅडमिंटनचे शूज घेतले जातात. बाजूला झेप घेतली तर ते पाय छान धरून ठेवतात, घोटा मुरगळू देत नाहीत. पण त्यांचं रबर मुद्दाम चिकट केलेलं असतं, कारण खेळाडूला जागेवर थांबायचं असतं. गिरकीसाठी ते रनिंग शूजइतकेच वाईट, कधी जास्तच. तुमच्या क्लासमध्ये वळणं कमी आणि बाजूच्या स्टेप्स, उड्या जास्त असत्या, तर मी सपाट तळाचे साधे ट्रेनिंग शूज सुचवले असते.

दुकानात जाताना क्लासचेच मोजे घाला आणि संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. आतला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभ्या राहा. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर येत असेल तर तो जोडा परत करा, मग आकडा काहीही असो. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जोडा हातात धरून वाकवा. घडी बोटांच्या मुळाशी पडली पाहिजे, मधोमध नाही. मग पायात घालून, भिंतीला हात लावून, टाच दोन बोटं उचला आणि चवड्यावर पाव फेरी घ्या. नजर गुडघ्याच्या वाटीवर ठेवा. वाटी पायाच्या बोटांच्या पुढे निघून गेली आणि जोडा मागे राहिला, तर पकड जास्त आहे. तुम्ही थांबलात तरी पाऊल सरकतच राहिलं, तर पकड कमी आहे. वाटी आणि बोटं एकदमच वळली की जोडा बरोबर. फक्त दुकानातली फरशी गुळगुळीत असते, तुमची रबरी. म्हणून बदलून मिळण्याची बोली करून घ्या आणि क्लासच्या टाइलवर हीच फेरी पुन्हा घ्या.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंचं सांगते, कारेलीबागेत राहतात. डाव्या गुडघ्याची आतली बाजू आणि दुसऱ्या बोटाखाली चवडा, असं दोन्ही दुखायचं. त्यांचे जाड तळाचे रनिंग शूज मी उलटे करून पाहिले. टाच झिजलेली, पण चवड्याखालच्या खाचा नव्यासारख्या धारदार. गिरक्या घेणाऱ्या माणसाच्या जोड्याला तिथे घासल्याचा गोल डाग पडायला हवा. तो नाही, म्हणजे जोडा फिरतच नव्हता, फिरत होता तो गुडघा. सुटा तळ काढून त्यावर उभं केलं तर करंगळी बाहेर. चवड्याला जिथे दाबून सगळ्यात जास्त दुखत होतं तिथे त्यांच्याच लिपस्टिकचा ठिपका लावला आणि तळावर पाऊल ठेवायला सांगितलं. ठसा उमटला. चवड्याची छोटी गादी मेडिकलच्या दुकानात मिळते, ती आम्ही त्या ठशाच्या मागे, टाचेच्या बाजूला चिकटवली. ही जागा महत्त्वाची आहे. बरोबर दुखऱ्या जागेखाली गादी लावली तर तिथला दाब उलट वाढतो. मागे लावली की हाडं उचलली जातात आणि भार वाटला जातो. नवे शूज एक नंबर मोठे, रुंद, सपाट तळाचे घेतले. उड्या काही काळ बंद, त्याऐवजी जागेवर पावलं. गुडघा लवकर शांत झाला. चवड्याला बराच वेळ लागला, आणि तो लागतोच, कारण घरात चालताना, ओट्यापाशी उभं राहतानाही तो भाग कामावर असतो. घरात मऊ चप्पल घालायला लावली, त्याचाही फायदा झाला. तुमचं दुखणं अंगठ्याखाली आहे, तेव्हा ठसा घेऊन गादी तुमच्या ठशाप्रमाणे लावा.

रबरी टाइलवर एक अडचण उरते. तिथे डान्स स्नीकरची चकतीसुद्धा थोडी धरते. त्यासाठी जोड्याच्या चवड्यावर चढवायची मोज्यासारखी पट्टी मिळते; जुन्या सुती मोज्याचा वरचा नळीसारखा भाग कापूनही काम होतं. ती फक्त चवड्यावर चढवा, टाचेचं रबर उघडं ठेवा, थांबायला तेच कामी येतं. उड्या आणि बाजूला झेप घ्यायची गाणी आली की काढून ठेवा. गुळगुळीत फरशीवर किंवा लाकडी जमिनीवर ही पट्टी चुकूनही नको, पाय सटकून पडाल. पकड कमी करायला जमिनीवर टाल्कम पावडर टाकणारे लोकही मी पाहिलेत. तसं करू नका, एका जागी सटकतं आणि शेजारच्या जागी अडकतं, आणि शेजारणीला ते ठाऊक नसतं.

नवे शूज येईपर्यंत वळायची पद्धत बदला. पूर्ण पाऊल टेकलेलं असताना कधीच वळू नका. आधी वजन दुसऱ्या पायावर, मग टाच वर, गुडघा किंचित वाकलेला, आणि खुबा, वाटी, बोटं तिन्ही एकदम वळवा. तेही दुखलं तर गिरकी सोडा आणि तीन छोट्या पावलांत वळा. त्यानं ताल चुकत नाही. तुमच्या ताईंना आधी सांगून ठेवा. क्लासचे शूज रस्त्यावर घालू नका, पिशवीतून न्या. पावसाळ्यात तर नक्कीच. ओला तळ फरशीवर घसरतो आणि तळाला चिकटलेले खडे ती गुळगुळीत चकती खरवडून टाकतात.

शूजच्या भरवशावर कुठपर्यंत थांबायचं तेही लिहिते. गुडघा सुजला, मधेच अडकला किंवा वजन टाकल्यावर दगा देऊ लागला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच हाडावर बोट ठेवल्यावर जीव कळवळत असेल आणि सूज असेल, तर उड्या त्याच दिवशी बंद करा. ते हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं तसंच असेल तर डॉक्टरांना पुन्हा भेटा.