तफावत, फौत आणि फेरफार

«डॉक्टर म्हणतात, अर्धवट गोळ्या घेतल्या की जंतूंना औषधाची सवय होते. ‘सवय होते’ हे मराठी बरोबर आहे का? आणि जंतू औषधामुळे बदलतात की आधीच बदललेले असतात, हा वाद ज्या फ्लक्चुएशन टेस्टने मिटला म्हणतात, तिला ‘चढउतार चाचणी’ म्हटलं तर चालेल का?»

‘सवय’ चूक आहे, आणि ही चूक औषधाच्या दुकानापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत रोज कानावर पडते. ‘जंतू शिकतात’, ‘जंतू सरावतात’, ‘जंतू हुशार झाले’, सगळी एकाच माळेतली. सवय एका जिवाला होते. आज कडू लागलेला चहा महिन्याभराने गोड लागतो, तेव्हा पिणारा तोच असतो. इथे ज्याने औषध सोसलं तो तोच जंतू नसतो, आधीचे मेलेले असतात. ‘जंतूंना’ या अनेकवचनाआड ही माणसांची, म्हणजे जंतूंची, अदलाबदल लपून जाते.

‘चढउतार’ही नको. नाडीचा, बाजारभावाचा चढउतार म्हणजे एकाच गोष्टीचं वेळेप्रमाणे वरखाली होणं. या चाचणीत जंतू वाढवलेल्या वीस नळ्या एकाच दिवशी शेजारीशेजारी ठेवून मोजतात. एक नळी वर-खाली होत नाही, नळ्यानळ्यांत फरक पडतो. काही परिभाषाकारांनी दिलेला ‘उच्चावचन’ अर्थाला अधिक जवळचा, कारण संस्कृतात ‘उच्चावच’ म्हणजे लहानमोठं, नाना प्रकारचं. पण तो शब्द घरात कोणी उच्चारणार नाही. मराठीत हिशेब जुळेना की आपण जे म्हणतो तेच घ्या: तफावत. तफावत चाचणी.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. ‘तफावत’ अरबी, फारसीमार्गे आलेला. त्याचा धातू फ-व-त, अर्थ हातून निसटणं, चुकून मागे राहणं. दोन गोष्टी एकमेकींपासून निसटून जे अंतर पडतं ते तफावत. याच धातूपासून ‘फौत’, म्हणजे निसटून गेलेला, मेलेला. सातबाऱ्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हा शब्द पाठ असतो: खातेदार फौत, वारस अमुक. (‘फौत’ आणि ‘वफात’ एकच असं ठासून सांगणारे आहेत. ते साफ चुकतात. वफातचा धातू व-फ-य, पुरं होणं, फेडणं. तो ‘वफा’चा भाऊ. नुसतं ऐकू येणारं साम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.)

खातेदार फौत झाला की तलाठ्याकडे काय होतं? फेरफार. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, आणि महसुलाच्या इंग्रजीत तिला ‘रजिस्टर ऑफ म्युटेशन्स’ म्हणतात. म्युटेशन म्हणजे फेरफार! जीवशास्त्राच्या पुस्तकांनी जनुकातल्या बदलासाठी ‘उत्परिवर्तन’ घडवलं, तेव्हा तलाठ्याच्या दप्तरात शब्द तयार होता. ‘फेरफार’ जीवशास्त्रातही घ्यावा असं मी कित्येक वर्षं म्हणतो आहे. वारसाहक्काची नोंद बदलते हा अर्थ त्यात आधीच भरलेला आहे.

आता सगळा वाद या दोन शब्दांच्या क्रमात मांडता येतो. जमिनीत आधी फौत, मग फेरफार. जंतूंत आधी फेरफार, मग फौत. सवयवाले जंतूंनाही तलाठ्याचा क्रम लावतात: आधी औषध आलं, मग बदल झाला.

क्रम ठरवला साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी, 1943 साली. लुरिया अमेरिकेत ब्लूमिंग्टनला, डेलब्रुक नॅशव्हिलला. एका नाचाच्या कार्यक्रमात लुरियाने सहकाऱ्याला नाणी टाकून खेळायच्या जुगारयंत्रासमोर पाहिलं. बहुतेक वेळा काहीच नाही आणि क्वचित एकदम ढीग. लुरियाच्या डोक्यात उजेड पडला, आणि गणित डेलब्रुकने केलं. त्यांचं ‘औषध’ मात्र अँटिबायोटिक नव्हतं. तो ई. कोलाय जंतू मारणारा विषाणू होता.

वीस छोट्या नळ्यांत थोडे थोडे जंतू टाकले, ते कोटींच्या संख्येत वाढू दिले, मग प्रत्येक नळी विषाणू पसरलेल्या ताटलीवर ओतली. वाचलेल्या जंतूंच्या वसाहती मोजल्या: 1, 0, 3, 0, 0, 5, 0, 5, 0, 6, 107, 0, 0, 0, 1, 0, 0, 64, 0, 35. सरासरी सव्वाअकरा, पण अकरा ताटल्या रिकाम्या आणि एकीवर 107.

विषाणू भेटल्यावरच काही जंतू बदलत असते, तर प्रत्येक ताटलीवर सारखीच शक्यता असती आणि आकडे सरासरीच्या आसपास राहिले असते. तसे आकडे कसे दिसतात हेही त्यांनी दाखवलं. एकाच मोठ्या नळीत वाढवलेल्या जंतूंतून दहा वाटे काढले: 14, 15, 13, 21, 15, 14, 26, 16, 20, 13. इथे प्रचरण, म्हणजे आकडे किती विखुरले त्याचं माप, सरासरीइतकंच, सोळा-सतराच्या आसपास. वेगवेगळ्या नळ्यांचं मात्र सातशेच्या घरात. म्हणजे ताटलीवर ओतण्या-मोजण्यात खोट नव्हती. तफावत नळीतच पडली होती, विषाणू यायच्या आधी.

64 पाहा. एका जंतूच्या सहा दुपटी. नळीत वाढ चालू असताना शेवटून सहाव्या पिढीच्या सुमारास कुठेतरी एकाचा फेरफार झाला असावा आणि त्याची लेकरं 64 झाली. 1 ची कथा अगदी शेवटच्या घटकेची. 107 ची त्याहून जुनी. दोन-तीन फेरफार मिळूनही असा आकडा येतो, म्हणून फेरफारांचा दर काढताना लोक रिकाम्या ताटल्यांकडे जातात. वीसपैकी 11 रिकाम्या, म्हणजे 0.55. त्यावरून नळीमागे सरासरी 0.6 फेरफार निघतात. नळीत दहा कोटी जंतू धरले तर एका जंतूमागे अब्जात सहाच्या आसपास.

चाचणी फसते ती बहुधा सुरुवातीला जास्त जंतू टाकल्यामुळे. मग एखादा आधीच बदललेला प्रत्येक नळीत शिरतो, सगळ्या ताटल्या भरतात आणि तफावत मिटते. रिकाम्या ताटल्या एकही नसतील तर तिथेच संशय घ्या.

अँटिबायोटिकचं उत्तर पुढे आलं. जनुकशास्त्रज्ञ देमेरेकने 1945 साली पेनिसिलिनवर अशीच तफावत पाहिली. 1952 साली लेडरबर्ग दांपत्याने मखमलीच्या कापडाने एका ताटलीवरच्या वसाहतींचा ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या दुसरीवर उठवला आणि स्ट्रेप्टोमायसिन कधीच न पाहिलेल्या ताटलीतून स्ट्रेप्टोमायसिन सोसणारे जंतू वेगळे काढले. मखमलीपुढे सवयवाल्यांकडे उत्तर नाही.

मर्यादा एक सांगायला हवी. चाचणीतला मारेकरी झटपट मारतो, म्हणून हळूहळू मारणाऱ्या औषधात मागून फेरफार झालेच नाहीत, असं तिच्यावरून म्हणता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं जंतूच्या डीएनएला इजा करून फेरफारांचा दरही वाढवतात. पण दर वाढणं वेगळं आणि हवा तोच फेरफार घडणं वेगळं. काही जंतू शेजाऱ्याकडून तयार जनुक उसनं घेतात, त्याचा या चाचणीशी संबंध नाही.

डॉक्टरांच्या वाक्याला शुद्ध पर्याय मराठीत आहेच: ‘औषधाला दाद न देणारे जंतू उरतात.’ ‘उरतात’ हे क्रियापद सोडू नका.