ओठ चाटून तोंडाभोवती पडलेलं लाल कडं

"मॅडम, लेकरू सात वर्षांचं आहे. थंडी लागल्यापासून सारखं ओठ चाटायलंय. आधी ओठ उलले, आता तोंडाभोवती लाल गोल पडलाय. तूप लावलं, मेडिकलमधून ट्यूब आणली, रागावले, एकदा फटकाही दिला. ऐकतच नाही. काय करू?"

परभणीच्या एका आईचा हा प्रश्न. मायलेक समोर बसले तेव्हा मी पोराला एवढंच म्हटलं, "जीभ ओठांभोवती फिरवून दाखव बरं." त्याने फिरवली. जीभ जिथवर पोचत होती, लाली नेमकी तिथेच थांबत होती. वर नाकाच्या थोडं खाली, खाली हनुवटीच्या खोलगटापाशी, आणि कडा आखल्यासारखी. ते पाहून आई म्हणाली, "म्हणजे हे गजकर्ण नाही?" गोल दिसतंय म्हणून तिने गजकर्णाची ट्यूब आणली होती. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस लाली दबते, लावणं थांबवलं की उफाळते, आणि चेहऱ्याची नाजूक कातडी पातळ होते ती वेगळीच. मी ती ट्यूब त्याच दिवशी बंद करायला लावली आणि त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सौम्य मलम दिलं, तेही मोजक्याच दिवसांसाठी.

हे होतं लाळेमुळे. लाळेत अन्न पचवणारे घटक असतात, ते कातडीला झोंबतात. शिवाय ओली झालेली कातडी क्षणभर बरी वाटते, पण लाळ सुकताना कातडीतली ओलही घेऊन जाते. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत तर लगेच. मग कातडी पुन्हा ताणते आणि जीभ पुन्हा बाहेर येते. पोराचा हट्ट म्हणावा असं यात फारसं काही नसतं. त्याला खरोखर ओढल्यासारखं होत असतं.

म्हणून आधी कातडीवर आडोसा करायचा. साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली ओठांवर आणि पूर्ण लाल कड्यावर जाडसर लावायची. जेवणाआधी लावायची, म्हणजे भाजीचं तिखट-मीठ लागत नाही. जेवण झालं की कोमट पाण्याने हलकं टिपून पुन्हा लावायची. सगळ्यात जाड थर झोपताना, कारण रात्री जीभ स्वस्थ असते आणि कातडीला भरून यायला वेळ मिळतो. थोडीफार पोटात गेली तरी घाबरू नये. तूप आणि मध चवीला छान लागतात, म्हणून मुलं ते चाटून काढतात. स्ट्रॉबेरी किंवा पुदिन्याच्या वासाच्या लिप बामचंही तेच, वर पुदिना झोंबतो. सवय मोडायला कडुनिंबाचा रस किंवा मिरची लावणारी घरं मी पाहिली आहेत. उललेल्या ओठाला मिरची लावणं ही शिक्षा आहे. ती कृपा करून करू नका.

सवयीचं काम त्यानंतर. मी आईला सांगितलं, दोन दिवस काहीच बोलू नका, फक्त कधी चाटतो ते वहीत लिहा. वहीत दिसलं की खेळताना तो जवळजवळ चाटतच नव्हता. कार्टून बघताना चाटायचा, पण सगळ्यात जास्त पाढे म्हणताना आणि मोठ्याने वाचताना. म्हणजे ताण आला की जीभ बाहेर. तिथेच "चाटू नको!" असं ओरडलं की ताण वाढतो आणि चाटणंही वाढतं. आमचं ठरलं की आई बोलणार नाही, फक्त स्वतःच्या कानाला हात लावेल. ती खूण दिसली की त्याने ओठ मिटून मनात दहापर्यंत मोजायचं किंवा पाण्याचा घोट घ्यायचा. जेलीची छोटी डबी त्याच्याच दप्तरात ठेवली. कोरडं वाटलं की बोटाने लाव, असं त्यालाच सांगितलं. बाईंनाही कळवलं, नाहीतर वर्गात डबी काढली म्हणून बोलणी बसली असती.

एक गोष्ट आजीने सांगितली: पोरगं रात्री तोंड उघडं टाकून झोपतं. नाक चोंदलेलं असेल तर ओठ रात्रभर वाळतात आणि दिवसा कितीही जेली लावली तरी पुरत नाही. त्याचं नाक डॉक्टरांना दाखवलं आणि मोकळं झालं, तेव्हाच सुधारणेने वेग घेतला.

पंधरवड्यात लाली गेली. मग आईची नवी काळजी सुरू झाली, तिथे आता काळपट डाग दिसतोय. सावळ्या कातडीवर असा डाग काही महिने राहतो आणि हळूहळू फिका पडतो. बेसन-हळदीने घासलं तर तो आणखी गडद होतो, म्हणून तिथे फक्त जेली लावायची.

ओठालगतची बारीक पट्टी स्वच्छ आणि तिच्यापलीकडे बारीक पुरळ असेल, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरत असतील, किंवा फक्त तोंडाचे कोपरे चिरत असतील, तर दुखणं वेगळं असू शकतं. तेव्हा घरी प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा. जाताना आधी लावलेली ट्यूब सोबत न्या.