मोठा चौक, तिकटी आणि ‘अलीकडे’

‘चौकाजवळ’, ‘चौकापाशी’, ‘चौकाच्या अलीकडे’ यांत फरक काय? आणि कोल्हापुरात तिकटी म्हणतात ती चौकच ना?

गोष्टच सांगतो. कोल्हापूर स्टेशनवरून एक बाई टॅक्सीत बसल्या. पत्ता काय, तर “मोठ्या चौकाजवळ”.

“कुठला मोठा, ताई? दसरा चौक, बिंदू चौक?”

“मोठा हो! मावशीनं सांगितलंय.”

चालकाचा पेच खरा होता. आकारानं म्हणाल तर दसरा चौक मोठा, दसऱ्याचं सीमोल्लंघन तिथंच होतं. नावानं म्हणाल तर बिंदू चौक, सभा गाजल्या त्या तिथं. ‘मोठा’ हे विशेषण सांगणाऱ्याच्या डोळ्यांत असतं, रस्त्यावर त्याची पाटी नसते. त्यानं आधी दसरा चौकात विचारलं, मग बिंदू चौकात. दोन्हीकडं मान हलली. पुढं मिरजकर तिकटी आली तेव्हा बाई म्हणाल्या, “हाच की!”

“ही तिकटी हाय, ताई. आधीच म्हणाला असता तर सरळ आलो असतो.”

तर तिकटी म्हणजे मुळात तीन वाटा मिळतात ती जागा. कोकणात तिला तिठा म्हणतात. ‘चौक’ शब्दात चार आहेत, तो संस्कृत ‘चतुष्क’वरून आला. पण नाव एकदा पडलं की पुढं रस्ते वाढोत नाहीतर बुजोत, ते बदलत नाही. म्हणून पापाच्या तिकटीला कुणी चौक म्हटलं तर चूक काढू नये. फक्त कोल्हापुरी माणूस तसं म्हणणार नाही.

आता ‘जवळ’. चौकात म्हणजे आत, चौकापाशी म्हणजे अगदी लगत. ‘जवळ’ मात्र सैल आहे, दहा पावलंही जवळ आणि दोन गल्ल्याही जवळ. चालकानं विचारलं, “अलीकडं का पलीकडं?” बाईंनी मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “तिकटीच्या अलीकडंच, अगं!”

चालकानं गाडी वळवून बिंदू चौकाच्या बाजूला आणली. घर काही सापडेना.

घोळ इथंच आहे. ‘अलीकडे’ म्हणजे बोलणाऱ्याच्या बाजूला. मावशी मंगळवार पेठेतल्या घरात बसून बोलत होती, तिची अलीकडची बाजू टॅक्सीला पलीकडची. ‘डावीकडे’चंही असंच होतं, पण तिथं निदान माणूस “माझ्या का तुमच्या?” असं विचारतो. ‘अलीकडे’ला ते विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

शेवटी चालकानंच फोन घेतला. “मावशी, स्टेशनवरनं येताना तिकटी आधी लागती का तुमचं घर?”

“तिकटी.”

“मग पलीकडं म्हणा की!”

“मला कशाला पलीकडं? मी हितंच हाय.”