संचालकाची सही आहे, पण कोणाच्या वतीने?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. एका नवीन प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ५ लाखांपर्यंत उधारी मंजूर केली. अर्जावर संचालकाची सही-शिक्का आहे, जीएसटी, पॅन घेतलंय. आता ११ लाख थकलेत आणि कंपनीला टाळं आहे. संचालकाच्या घरावर जाता येईल का?

उत्तर : या अर्जाच्या बळावर नाही. शिक्क्यासह केलेली सही कंपनीची असते, माणसाची नाही. मालकी किंवा भागीदारी फर्म असती, तर मालक किंवा भागीदार स्वतः जबाबदार ठरले असते. कंपनीत ती जबाबदारी वेगळी लिहून घ्यावी लागते. पॅनची झेरॉक्स घेतलीत, पण हे एक पान घेतलं नाहीत, आणि सगळं तिथेच अडलं.

ते पान म्हणजे वैयक्तिक हमीपत्र, करार कायद्याच्या कलम १२६ नुसार. संचालकाने स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यासह, शिक्का न मारता सही करायची. पुढच्या प्रत्येक बिलाला लागू राहील अशी ती 'चालू हमी' असावी. पहिली गाडी निघण्यापूर्वी घ्या. माल गेल्यावर घेतलेल्या हमीला मोबदला कुठला, असा वाद उभा राहतो. मुद्रांक किती लागेल हे तेव्हाच विचारून घ्या. मुद्रांक कमी असेल तर न्यायालयात आधी फरक आणि दंड भरावा लागतो.

पुढच्या ग्राहकाच्या वेळी अर्ज आल्यावर आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीचे संचालक आणि मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे ते बघा. जीएसटी पोर्टलवर रिटर्न वेळेवर भरलेत का तेही बघा. अर्जात दिलेल्या दोन जुन्या पुरवठादारांना स्वतः फोन करा. मग आकडा ठरवा : महिन्याची अपेक्षित खरेदी २ लाख आणि मुदत ४५ दिवस असेल, तर मर्यादा ३ लाख. मंजुरीची सही विक्री करणाऱ्याची नको, हिशेब बघणाऱ्याची हवी. कारण आकडा ओलांडला की माल थांबवायचा असतो, आणि ते विक्रीवाल्याच्या हातून होत नाही. तुमचे ५ चे ११ नेमके असेच झाले असणार.

मर्यादा किंवा मुदत वाढवताना जामीनदाराची लेखी संमती घ्याच. त्याच्या संमतीशिवाय अटी बदलल्या, तर कलम १३३ प्रमाणे बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो.

आताच्या ११ लाखांसाठी कंपनीवर दावा लावता येईल. उधारीची मुदत अर्जात ठरलेली असेल, तर प्रत्येक बिलाची मुदत संपल्यापासून ३ वर्षं मोजा. रक्कम ३ लाखांच्या वर असल्याने हे प्रकरण बहुधा व्यापारी न्यायालयाकडे जाईल, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यात महिने जातात, म्हणून वाट बघत बसू नका.

संचालकाचे व्हॉट्सॲप संदेश मात्र आजच शोधा. हमी तोंडीही असू शकते. माल सोडण्यापूर्वी 'कंपनीने नाही दिले तर मी देतो' असं त्यानं लिहिलं असेल, तर त्याच्यावरही दावा लावण्याचा विचार करता येईल. किती टिकेल, ते संदेश वाचल्यावरच सांगता येईल.