आधी खोल्या आणि मग आमंत्रण: माझी चूक

प्रश्न: वसतिगृहातील आम्हा एकोणीस मित्रांना इंदूरला जमवायचे आहे. गटावर तीनदा विचारले, नुसते अंगठे आले, तारीख काही ठरत नाही. फार मागे लागलो तर लोक दुरावतील असे वाटते. संदेश लिहावा तरी कसा?

उत्तर: हे वाचताना तीन वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आलो. जुने क्रमांक शोधणे, गट तयार करणे हे तुम्ही केलेलेच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

माझी चूक अशी की मी आधी खोल्या धरल्या आणि मग आमंत्रण दिले. इंदुरातल्या एका अतिथीगृहाने दहा खोल्यांसाठी पंधरा हजार रुपये आगाऊ घेतले आणि आठ दिवसांत सर्वांची नावे व ओळखपत्रे मागितली. त्या अतिथीगृहाची घाई माझ्या संदेशात उतरली. ‘रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवा’ असे लिहून मी खाली बावीस जणांची यादी टाकली आणि होकार देणाऱ्यांच्या नावापुढे खूण करू लागलो. चार खुणा झाल्या. उरलेली अठरा नावे रोज सर्वांना कोरी दिसत होती, आणि तिसऱ्या दिवशी एक मित्र काही न बोलता गटातून बाहेर पडला. पुढे फोनवर कळले की त्याचा धंदा बसला होता. यायचे त्याच्या मनात होते, पण खर्चाचे कारण सर्वांसमोर सांगणे त्याला जमले नसते. संमेलन रद्द झाले. अतिथीगृहाने आगाऊ रक्कम परत दिली नाही ती नाहीच. सहा फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी ‘साहेब आज नाहीत’.

माझे मत थोडे आग्रही वाटेल, पण तारीख गटाला विचारूच नये. व्हॉट्सअ‍ॅपवरील मतदानात कोणी काय निवडले ते नावासकट दिसते, त्यामुळे संकोची माणूस मत देतच नाही. दुसऱ्या वेळी आम्ही तिघांनी आपसांत फोनवर तारीख ठरवली: शनिवार, 24 जानेवारी 2026. सोमवारी 26 जानेवारीची सुट्टी होती, त्यामुळे परतीची घाई नव्हती. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते. शुक्रवारी 23 तारखेला मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने निघणाऱ्यांसाठी तो दिवस 24 नोव्हेंबर होता. म्हणून संदेश नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. तो असा होता:

‘आम्ही तिघे 24 जानेवारीला रात्री नऊ वाजता राजवाड्यासमोर भेटणार आहोत. तेथून सराफ्यातल्या खाऊगल्लीत तळलेले गराडू कंद खायचे, जिरावण मसाला जास्त मागायचा आणि मेसमधल्या पाणीदार वरणाला मनसोक्त नावे ठेवायची. रविवारी सकाळी माझ्या घरी पोहे-जिलबी. वर्गणी नाही, सराफ्यात ज्याने त्याने आपले द्यावे. माझ्याकडे चार जणांची झोपण्याची सोय आहे, बाकी ज्याची त्याची सोय. एकट्याने या किंवा घरच्यांना घेऊन या. उत्तर देण्याची गरज नाही. आयत्या वेळी आलात तरी चालेल.’

यात तीन गोष्टी मुद्दाम होत्या. ‘आम्ही भेटणार आहोत’ असे लिहिल्यामुळे कोणी न आल्याने बेत मोडणार नव्हता, म्हणून नकाराचे ओझे कोणावरही पडले नाही. खर्च आधीच स्पष्ट केल्यामुळे तो विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. आणि मोह घालायचा तो ठरावीक वस्तूचा घालावा. ‘जुन्या आठवणींना उजाळा देऊ’ हे वाक्य वाचून कोणी तिकीट काढत नाही, पण गराडू हिवाळ्यातच मिळतो हे इंदुरात शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

गटाबाहेर मी प्रत्येकाला एकच वैयक्तिक संदेश पाठवला, आणि त्यात ‘येतोस का’ हा प्रश्न नव्हता. एकाला लिहिले, ‘तुझी निळी बादली मीच फोडली होती, हे आज कबूल करतो.’ उत्तर आले तर गप्पा मारल्या. नाही आले तर पुन्हा लिहिले नाही. निळ्या खुणा पाहून ‘वाचलेस, मग बोलत का नाहीस’ असे विचारण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. गटातून बाहेर पडलेल्या मित्राला मी पुन्हा गटात ओढले नाही. फोन केला, बेत सांगितला आणि विषय बदलला.

आठवण एकदाच दिली, 23 नोव्हेंबरला: ‘उद्या सकाळी शुक्रवारच्या गाडीचे आरक्षण उघडेल.’ त्यात कोणाचेही नाव नव्हते.

तेरा जण आले. त्यांतील दोघांनी शेवटपर्यंत एक अक्षरही कळवले नव्हते, आणि गट सोडून गेलेला तो मित्र रविवारी सकाळी थेट पोह्यांना हजर झाला. आमचा गट पन्नाशीतल्या पुरुषांचा आणि बहुतेक मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्यांचा होता; परदेशात असलेल्यांना अडीच महिन्यांची सूचना पुरणार नाही, त्यांची तारीख वेगळ्याने पाहावी लागेल. पोहे मात्र अंदाजापेक्षा दुप्पट भिजवा. आम्हाला दुसऱ्यांदा भिजवावे लागले.