नवरात्राची सोसायटी नोटीस: वेळ, जागा आणि झाडू कोणाचा

प्रश्न: नागपूरच्या मनीषनगरला आमची दोन विंगची, ४० फ्लॅटची स्कीम आहे. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. नवरात्रात पार्किंगमध्ये गरबा होतो, साडेअकरापर्यंत स्पीकर चालतो आणि सकाळी कचरा तसाच पडलेला असतो. अध्यक्ष म्हणतात, "एक नोटीस लावून दे." नोटिशीत नेमकं काय लिहू?

उत्तर:

भाऊ, "सर्व सदस्यांना विनंती की सहकार्य करावे" ही ओळ आधी खोडा. ती वाचून आजवर कोणी आवाज कमी केलेला नाही. नोटिशीत घड्याळाची वेळ, जमिनीवरची हद्द आणि फ्लॅट नंबरसकट माणसाचं नाव हवं. यातलं एक जरी मोघम राहिलं, तरी भांडण तिथूनच सुरू होतं.

आधी स्पीकर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. तुमच्याकडे जे साडेअकराचं चालतं ते एका अर्धवट माहितीवर: "सणाला बारापर्यंत सूट असते ना!" सूट आहे, पण राज्य सरकार ती वर्षभरात जास्तीत जास्त १५ दिवसच देऊ शकतं, आणि त्यात गणपती, दिवाळी, जयंत्या, सगळंच बसवायचं असतं. नवरात्राच्या नऊच्या नऊ रात्री त्यात येत नाहीत. बहुधा अष्टमी-नवमीसारख्या ठरावीक रात्रीच येतात. म्हणून त्या वर्षीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मिळवा, नेमक्या तारखा नोटिशीत लिहा आणि आदेशाची प्रत सोबत लावा. मग "तुम्ही कोण आम्हाला थांबवणारे" हा प्रश्न तुमच्याकडे येतच नाही. जवळ शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं हॉस्पिटल असेल, तर तेवढं आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. तिथे सणाच्या सवलतीवर विसंबू नका.

दोन पळवाटा दरवर्षी निघतात. पहिली: "दहानंतर स्पीकर नाही, ढोल वाजवू." रात्रीची बंदी वाद्यांनाही आहे, त्यामुळे ढोल-ताशाही त्यात येतो. दुसरी: "हॉल बंद करून वाजवू." बंद सभागृहाला सूट आहे ती आतल्या लोकांपुरत्या आवाजासाठी. तुमचं स्टिल्ट पार्किंग तीन बाजूंनी उघडं, ते कुठल्याच हिशेबाने बंद जागा नाही. आणि दिवसासुद्धा मोकळं रान नसतं. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. खासगी आवारातल्या साउंड सिस्टिमचा आवाज हद्दीवर त्याहून ५ पेक्षा जास्त वर जायला नको, म्हणजे ६०. मोबाइलवरचं मीटर ठाण्यात पुरावा म्हणून चालणार नाही, पण कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहून अंदाज घ्यायला पुरतं. ६० म्हणजे फार नाही बरं का; डीजेचे दोन मोठे बेस बॉक्स लावले की संपलं. म्हणून साधे दोन स्पीकर, तोंड आतल्या बाजूला, हे नोटिशीतच लिहा.

"दहा वाजता बंद" एवढंच लिहिलं, तर दहाला शेवटची फर्माईश येते आणि मग आरती उरते. त्यामुळे वेळ मागून मोजा: आरती सव्वानऊला, शेवटचं गाणं ९.४५ ला, ९.५५ ला ॲम्प्लिफायरचा स्विच बंद. स्विच कोण बंद करणार त्याचं नावही तिथेच. तो माणूस गरबा खेळणाऱ्यांपैकी नसावा. कोजागिरीसाठी याच नोटिशीत शेवटी एक ओळ टाका: गच्चीवर बारापर्यंत बसा, दूध प्या, गप्पा मारा, फक्त स्पीकर नको.

जागेचं म्हणाल तर "पार्किंगमध्ये" असं लिहू नका. कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, ते लिहा आणि आदल्या दिवशी चुन्याची रेघ ओढा. जिने, लिफ्टसमोरची जागा, मीटर रूम आणि फाटकापासून दोन्ही विंगपर्यंत अग्निशमनची गाडी येईल एवढी वाट, यात मंडपाचा बांबूसुद्धा नको. ज्यांच्या गाड्या हलवायच्या त्यांना पर्यायी जागा फ्लॅटनिहाय सांगा, नाहीतर पहिल्या रात्री गरब्याआधी गाडीवरून जुंपते. वायर लिफ्टच्या लाइनवरून ओढू देऊ नका. कॉमन मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर फोटो काढून ठेवा, म्हणजे विजेचा खर्च कोणाच्या वर्गणीतून जायचा हा वाद उरत नाही.

साफसफाईत खरी गोम आहे. सगळे धरून चालतात की सकाळी झाडूवाल्या बाई आहेतच. त्यांचं काम रोजच्या झाडलोटीचं; महाप्रसादाच्या शंभर द्रोण-पत्रावळी त्यात येत नाहीत. त्यांना बोलवायचं तर आयोजकांनी वेगळे पैसे ठरवायचे. उष्टं त्याच रात्री बांधून ठेवायचं, कारण सकाळपर्यंत कुत्री आणि डुकरं ते आवारभर पसरवतात. ओला-सुका वेगळा, निर्माल्य तिसऱ्या पिशवीत. गुलाल पडला असेल, तर आधी कोरडाच झाडून घ्या. थेट पाणी मारलं की पेव्हर ब्लॉक महिनाभर गुलाबी राहतात. बाहेरचे पाहुणे धरून १०० च्या वर लोक जमणार असतील, तर घनकचरा नियमांनुसार महापालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायला लागतं. हे फार कमी सोसायट्या करतात.

तुमच्यासाठी मसुदा असा लिहिला असता:

"नवरात्रोत्सवासाठी ए विंग, खांब क्र. ४ ते ९ मधील जागा सायं. ७ ते १० वापरता येईल. ध्वनिक्षेपक रात्री ९.५५ ला बंद होईल. जबाबदारी: फ्लॅट बी-३०२. अपवाद फक्त सोबत जोडलेल्या आदेशातील तारखांचा, तोही पोलीस परवानगी असल्यासच. रोजची सफाई रात्री ११ पर्यंत. जबाबदारी: फ्लॅट ए-१०४ व बी-२०१. मंडप दसऱ्यानंतर दोन दिवसांत काढून खड्डे बुजवावेत. अनामत रु. ५०००, पाहणीनंतर परत."

नावं अर्थातच त्या माणसांना विचारून टाका.

अनामत आणि दंड मात्र तुमच्या किंवा अध्यक्षांच्या सहीने लागत नाहीत. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींमध्ये दंडाची वरची मर्यादा आर्थिक वर्षाला ५००० रुपये आहे, आणि आधी कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नागपुरात बऱ्याच स्कीम सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालच्या असोसिएशन असतात; तुमची तशी असेल तर तुमच्या घोषणापत्राला जोडलेले उपविधी उघडून बघा. ठराव नसेल तर यंदा मसुद्यातली अनामतीची ओळ गाळा आणि "दंड" हा शब्दच टाळा. एकाने "ठराव दाखवा" म्हटलं की उरलेली नोटीसही पडली. त्यापेक्षा जागेची परवानगी आयोजकांच्या लेखी अर्जावर द्या आणि याच अटी त्या अर्जावर त्यांच्या सहीने घ्या.

स्पीकर ९.५५ ला बंद झाला नाही तर आधी बी-३०२ ला फोन, मग तुम्ही, आणि तरीही नाहीच तर कोणीही रहिवासी ११२ लावू शकतो. तो क्रमही नोटिशीत टाका. बाकी, ही नोटीस घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी लिफ्टमध्ये चिकटवू नका. मंडपवाल्याला आणि साउंडवाल्याला ॲडव्हान्स जाण्याआधी लावा. एकदा पैसे दिले गेले की लोक तुमच्या नोटिशीशी नाही, दिलेल्या ॲडव्हान्सशी इमान राखतात.